पिवळी निसवायची दसऱ्याला

आमच्या घरात बियाण्यावरून बाप-लेकाचा जो वाद झाला, तो माझ्या जन्माआधीचा. मी तो पाहिला नाही, पण लहानपणापासून तिघांच्या तोंडून तीन तऱ्हांनी ऐकला. बाप म्हणजे माझे आजोबा. त्यांना अख्खं गाव बाप्पा म्हणायचं, आम्हीही बाप्पाच म्हणायचो. लेक म्हणजे माझे वडील, अण्णा. आजी हा वाद सांगायची तेव्हा त्यात कणसं आणि कणग्या असायच्या, अण्णा सांगतात तेव्हा पोत्यांचा हिशेब असतो, आणि चुलत आजोबा नाना सांगायला बसले की पहिल्या पाच वाक्यांतच बैल येऊन उभे राहायचे. मी हे तिन्ही धागे एकत्र ओढून इथे मांडते आहे. कारण एका घराचं भांडण म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मराठवाड्यातल्या खरिपाच्या ज्वारीचं काय झालं याचीही गोष्ट आहे.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, दुधनेच्या काठच्या काळ्या जमिनीत. 1965 आणि 66 ही दोन वर्षं पावसाने ओढ दिलेली. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. तीही ज्वारीच, पण आपल्या ज्वारीसारखी नव्हे. आजी म्हणायची, पिठाला चिकटाई नाही, थापताना कडा फाटायच्या, आणि भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत तिचे दोन तुकडे झालेले असायचे. ज्यांच्या कणग्या कधी रिकाम्या नव्हत्या ती माणसं पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली, हे बाप्पांना फार लागलं होतं. अण्णांनाही लागलं होतं. पण एकाच दुःखातून दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी काढल्या.

अण्णा तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालेले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि हायब्रीड ज्वारी घरोघर पोचवण्याचा त्यांच्या सरकारने ध्यास घेतला होता. देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 मध्ये आला होता. 1967 च्या उन्हाळ्यात ग्रामसेवक आमच्या ओसरीवर एक लहानशी पिशवी ठेवून गेला. एकराला पुरेल एवढं बी. त्या पिशवीवरून त्या रात्री जेवणं थंड झाली, असं आजी सांगायची.

त्या पिशवीच्या समोर बाप्पांचं जे होतं ते आधी सांगते. खरिपात आमच्याकडे पिवळी ज्वारी असायची. माणूस त्यात उभा राहिला तर दिसायचा नाही एवढी उंच, दाणा हळदीच्या छटेचा, आणि कणीस भरलं की देठात वाकायचं. मृगात पेरा, नाहीतर पाऊस लांबला म्हणून पुनर्वसूत पेरा, ती निसवायची दसऱ्याच्या आगेमागेच. लवकर पेरली तर जास्त वाढायची, उशिरा पेरली तर बुटकी राहायची, पण कणीस बाहेर पडायचा दिवस ती फारसा हलू द्यायची नाही. बाप्पा म्हणायचे, तिला दिवस आखडलेला कळतो. तेव्हा कुणी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ते अक्षरशः खरं होतं. जुन्या वाणांना रात्र ठरावीक लांबीची झाल्याशिवाय फुलोरा येत नाही. त्यामुळे दाणा भरायला लागेपर्यंत पाऊस आटोपत आलेला असतो, आणि तो पक्व होतो तो कोरड्या हवेत, दिवाळीच्या पुढेमागे.

बी राखायचं काम आजीचं. काढणीच्या आधी ती एकटी रानात जायची. बांधालगतची ताटं ती घ्यायची नाही, कारण तिथे जागा नि ऊन जास्त मिळून कणीस फुगतं, ते ताटाचं कर्तृत्व नव्हे. रानाच्या मध्ये, दाटीत राहूनही जे कणीस भरलं, ज्याच्या खालची पानं शेवटपर्यंत हिरवी राहिली, ते ती निवडायची. एकच सर्वांत मोठं कणीस नाही, चांगली शे-दीडशे, थोडी वेगवेगळ्या चणीची. ती वेगळी वाळवून, काड्यांवर चोळून, दाणे राखेत घोळून मडक्यात. आणि काही कणसं तशीच जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला, धुरात. मडक्यातलं किडलं तर आढ्यावरचं असावं म्हणून. हे तिला तिच्या सासूने शिकवलेलं.

आता ती रात्र. अण्णा म्हणाले, “बाप्पा, एकरी धा-बारा पोते निघतेत म्हणतेत. आपल्याला चारच्या वर कवा झाली?”

“निघतेल की,” बाप्पा म्हणाले. “मी नाई म्हणलो का? पण पुढल्या साली बी कुठलं?”

“पुन्हा आणायचं. पंचायत समितीत मिळतं.”

“आन नाई मिळालं त?”

“कामून मिळणार नाई? सरकारच देऊ लागलंय.”

इथे नाना बोलले. त्यांनी त्या आधीच्या वर्षी माळेगावच्या जत्रेतून लाल कंधारी बैलजोडी आणली होती, आणि सगळा प्रश्न त्यांना त्या जोडीच्या दावणीवरून दिसत होता. “हे ताट छातीइतकं होतंय, म्या बघितलंय शेजारच्या गावात. कडबा कुठून आणायचा? माझ्या बैलाला वर्षाला हजार पेंढ्या लागतेत.” अण्णांनी सांगितलं की दाणे तिपटीने झाले तर कडबा विकत घेता येतो. नानांना ते पटलं नाही. ते पुन्हा जोडी किती रुपयांना घेतली ते सांगू लागले.

आजी इतका वेळ गप्प होती. तिने पिशवी सोडून चिमूटभर दाणे हातावर घेतले, त्यांना लावलेला औषधाचा रंग बोटाला लागला. “हे खाता येत नाई,” ती म्हणाली. तिला एवढंच म्हणायचं होतं की जे बी अडीनडीला खाता येत नाही ते घरात कुठे ठेवायचं, लेकरांच्या हाताला लागू नये म्हणून. पण अण्णांनी ते विरोध म्हणून घेतलं आणि चिडले. शेवटी बाप्पांनी विहिरीजवळचं दोन एकर रान अण्णांना दिलं. म्हणाले, तुझं तू कर, बाकीच्यात माझं मी करतो. दुसरी पिशवी अण्णांनी स्वतः जाऊन आणली.

पहिल्या वर्षी अण्णा जिंकले. ते कसं झालं हेही नीट सांगायला हवं, कारण नुसत्या बियाण्याने ते झालं नाही. दीड फुटावर ओळी, पेरणी पहिल्या पावसावर लगेच, कारण पेरा लांबला की खोडमाशी पोंगा मारते. मग उगवण झाल्यावर विरळणी. अण्णा ओळीत बसून चांगली हिरवीगार रोपं उपटत होते, वितीभर अंतरावर एक ठेवत होते. बाप्पांनी बांधावरून ते बघितलं आणि निघून गेले. उगवलेलं रोप माणसाने उपटायचं, हे त्यांना बघवलं नाही. आणि खत. शेणखत होतंच, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट, अर्धा युरिया पेरताना, अर्धा महिन्याने. ऑगस्टमध्ये सगळं रान एका उंचीवर, एका दिवशी निसवल्यासारखं उभं राहिलं. त्या वर्षी पावसाने पुढे फार त्रास दिला नाही. एकरी अकरा पोती झाली.

बाप्पांनी पोती मोजली आणि अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. हे अण्णा सांगतात तेव्हा त्यांचा आवाज अजून बदलतो. मिलोच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा घरात बावीस पोती आणतो, याचं मोल नंतरच्या कुठल्याही हिशेबाने कमी होत नाही. जुन्या बियाण्याच्या आठवणीने गहिवरणारे लेख मी वाचते तेव्हा मला वाटतं, लिहिणाऱ्याच्या घरी रेशनची पिशवी कुणी धरली होती का, हे त्याने आधी सांगावं.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी एक गोष्ट केली, ती बाप्पांना खूश करायला. पिशवी विकत न आणता त्यांनी आपल्याच रानातली सर्वांत भारी कणसं निवडून बी ठेवलं होतं. आजीची रीत, हायब्रीडला लावलेली. ग्रामसेवकाने नको म्हटलं होतं, पण का नको ते त्याला सांगता आलं नव्हतं. त्याने एवढंच म्हटलं की जोर राहत नाही. अण्णांना वाटलं, जोर खताने आणू.

उगवण उत्तम झाली. फरक दिसला तो पोटरीत आल्यावर. एक ताट डोक्याएवढं, शेजारचं कमरेएवढं. काही कणसं पंधरा दिवस आधी निसवली, ती पाखरांनी फस्त केली. काही मागे राहिली. आणि मधूनमधून अशी कणसं, की हात लावला तर पराग उडायचा नाही. परागकोश पांढुरके, चिमटलेले. आजूबाजूच्या ताटांचा पराग आयता मिळाला तिथे दाणा धरला, नाही मिळाला तिथे पोकळ. पाच पोतीसुद्धा झाली नाहीत.

“तुझ्या मायनं निवडलेलं कणीस मायसारखं निघतं,” बाप्पा म्हणाले. “हे का निघत नाई?” त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

परभणीला 1956 पासून शेतकी कॉलेज होतं. अण्णा बाप्पांना घेऊन तिथे गेले. साहेब कुणी भेटले नाहीत, बीजोत्पादनाच्या प्लॉटवरचा मुकादम भेटला. त्याने रान दाखवलं. चार ओळी बुटक्या, दोन ओळी वेगळ्या, पुन्हा चार, पुन्हा दोन. “ह्या चार बाईच्या, ह्या दोन गड्याच्या,” तो म्हणाला. बाईच्या ओळीला कणीस येतं, पण पराग येत नाही. वाऱ्याने गड्याचा पराग तिच्यावर पडतो आणि तिच्या कणसात जे दाणे भरतात ते हायब्रीडचं बी. गड्याच्या ओळी आधी कापून रानाबाहेर काढायच्या, ते नुसतं धान्य. फुलोऱ्याच्या दिवसांत रोज सकाळी बायका बाईच्या ओळीतून फिरतात, आणि एखादं ताट पराग उडवताना दिसलं की उपटून टाकतात. आसपास दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको.

मुकादमाला त्याचं काम चोख येत होतं. पिशवीतला दाणा म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांचा पहिलाच मेळ, त्या पहिल्या पिढीत सगळी ताटं सारखी, आणि तीच ताटं पुन्हा आपसात फळली की दोन्ही घराण्यांचं सगळं वेगवेगळं होऊन विखुरतं, हे त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. पण बाप्पांनी त्याला एक प्रश्न विचारला आणि तो अडला.

“ह्या बाईला पराग नाई. गड्याचा पडला तर हायब्रीड होतं. मंग पुढल्या वर्षी पेरायला हीच बाई कुठून आणता?”

मुकादम म्हणाला, “ते वरून येतं.”

मला हा प्रश्न आमच्या घराण्यात कुणी विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. कारण खरी किल्ली तिथेच आहे. त्या वांझ परागाच्या ओळीला तिचाच एक जुळा भाऊ असतो, बाकी सगळं तिच्यासारखं, फक्त पराग चांगला. त्याचा पराग तिच्यावर पडला की पुन्हा तीच बाई जन्मते. म्हणजे एका हायब्रीडमागे तीन वाण, आणि ते राखायला एकमेकांपासून लांब निरनिराळी रानं. शेतकऱ्याच्या हाती चौथं येतं. सीएसएच-1 ची आई अमेरिकेतून आणलेली होती. परागहीनतेची ही युक्ती तिथे 1954 मध्ये सापडली होती, आणि ती सापडली मिलो ज्वारीच्या बीजपेशीतून. ज्या मिलोच्या भाकरीचे तुकडे होत होते तिचाच अंश, आईच्या बाजूने, अण्णांच्या विहिरीजवळच्या रानात उभा होता. हे अण्णांना कितीतरी वर्षांनी कळलं. बाप्पांना कळायचं राहिलं.

परतीच्या वाटेवर बाप्पा म्हणाले, “बी चांगलं हाय. पण ते आपलं होत नाई.” अण्णा म्हणाले, “पिकलेलं तर आपलं होतं.” दोघेही मग घर येईपर्यंत बोलले नाहीत.

यानंतर अण्णा दरवर्षी पिशवी आणत राहिले. गावातही पसरली. आणि मग एका वर्षी उत्तरा आणि हस्त दोन्ही नक्षत्रं धो धो बरसली. हायब्रीडला दिवस आखडल्याचं कळत नाही. ती पेरल्यापासून दिवस मोजते, आणि साधारण शंभर-एकशेपाच दिवसांत तयार होते. जूनच्या मध्यावर पेरली की सप्टेंबर संपता संपता दाणा पक्का. म्हणजे नेमका त्या पावसात. आधी दाण्यावर गुलाबी-पांढरी बुरशी धरली, मग रान काळं पडलं. पोती भरली, वजनाला हलकी. भाकरी काळसर, कडवट. आजीने पहिली भाकरी गायीला घातली, तिने हुंगून तोंड फिरवलं. व्यापाऱ्याने पडेल भाव सांगितला.

अण्णांनी यावर जे शिकायचं ते शिकून घेतलं. दाण्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटतो तिथे, काळा ठिपका दिसला की दाणा आतून पक्का झालेला असतो. पुढे तो नुसता वाळतो. तेव्हाच कापायचं, रानात वाळायची वाट बघायची नाही. मला त्यांनी हा ठिपका नखाने दाणा उचकटून दाखवला आहे. पण ओली कणसं घरात आणून वाळवायची कुठे? दहा एकरांचं कणीस ओसरीत मावत नाही. ज्याच्याकडे पत्र्याची मोठी शेड त्याची ज्वारी पांढरी, बाकीच्यांची काळी. पुढे सीएसएच-5 आली, सीएसएच-9 आली, उत्पन्न वाढत गेलं, पण दाणा काळा पडायचा प्रश्न काही सुटला नाही.

बाप्पांच्या पिवळीला या पावसाने काही केलं नाही. पण तिच्यावर वेगळंच संकट आलं, आणि ते अण्णांच्या रानातून आलं. त्या काही वर्षांत बाप्पांची कणसं दसऱ्याला निसवायची, फुलायची, आणि दाणाच धरायचा नाही. नुसती पोचट. बाप्पांना वाटलं, देवाचं काही राहिलं. नाना म्हणाले, युरियाचा वास लागला. अण्णांना बरंच नंतर कृषी विद्यापीठातल्या एका शेतकरी मेळाव्यात कळलं. फुलोऱ्यातल्या कणसात अंडी घालणारी एक बारीक नारिंगी माशी असते, मिजमाशी. तिची अळी कोवळ्या दाण्याचा रस पिते. पूर्वी सगळं शिवार एकाच आठवड्यात फुलायचं, माशीला वाढायला वेळ मिळायचा नाही. आता हायब्रीड ऑगस्टमध्ये फुलायला लागली. तिच्यावर माशीच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या, आणि मग ती सगळी फौज उशिरा फुलणाऱ्या पिवळीवर तुटून पडली. हायब्रीड वाचली, कारण ती आधीच फुलून गेली होती.

वाद दोन एकरांचा होता, असं बाप्पा आणि अण्णा दोघांनाही वाटलं होतं. तुझं तू कर, माझं मी करतो. पण फुलोरा बांध पाळत नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी हायब्रीड घेतली की उरलेल्या निम्म्यांना जुनं ठेवण्याची मुभाच राहत नाही, हे त्या वाटणीच्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत गंभीर भाग हा वाटतो. हायब्रीड चांगलं की वाईट यावर माणसं तावातावाने बोलतात, पण बियाण्याची निवड एकट्याच्या बांधापुरती राहत नाही, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

तरीही आजीने पिवळीचं बी सोडलं नव्हतं. पोचटातून भरलेली मोजकी कणसं शोधून ती आढ्याला बांधत राहिली. मग 1972 आला. त्या दुष्काळाचं आमच्या घरी जे सांगतात ते बऱ्याच घरांत सांगतात. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणं, सुकडी, दावणीवरून सुटलेली जनावरं. नानांची कंधारी जोडी त्याच साली गेली. ते त्याबद्दल बोलायचे नाहीत, बैलांचं सगळं सांगायचे, पण ही जोडी त्या सालाच्या अलीकडेच थांबायची. आजीने एका रात्री मडकं उतरवलं, राख पाखडून काढली आणि बी दळलं. आढ्यावरची जुडीही काढली. दोन-तीन दिवसांचं पीठ झालं असेल.

बाप्पांना तिने सांगितलं नाही. पुढच्या मृगात त्यांनी बी मागितलं तेव्हा तिने रिकामं मडकं दाखवलं. ते काही बोलले नाहीत. अण्णांबरोबर तालुक्याला गेले आणि पिशवीच्या रांगेत उभे राहिले. गावात इतरांकडेही पिवळी उरली नव्हती, किंवा उरली असेल तर कुणी दिली नाही. वाद असा मिटला. कुणी कुणाला पटवून दिलं म्हणून नव्हे.

रब्बीचं मात्र पूर्ण वेगळं झालं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट एकांगी होईल. पाऊस संपल्यावर जमिनीतल्या ओलीवर जी ज्वारी येते तिथे आमच्याकडे मालदांडी होती आणि अजूनही मालदांडीच आहे. रब्बीसाठीही हायब्रीड काढले गेले, अण्णांनी एक करूनही पाहिलं. थंडीत आणि सरत्या ओलीवर ते मालदांडीपुढे टिकलं नाही. खोडमाशीने खाल्लं, उरलेलं दाणा भरताना खडखड्याने आडवं झालं, आणि दाण्याला ती मोत्याची झाक नव्हती. कडबाही आखूड. अण्णा पुन्हा मालदांडीवर आले आणि आजीने राखलेल्या कणसांतूनच त्यांनी बी घेतलं. बाप्पांना त्याचं समाधान होतं. पण अण्णांनी त्यांना तेव्हा एक गोष्ट ऐकवली, आणि ती खरी आहे: मालदांडी 35-1 हीसुद्धा सरकारी केंद्रातली. 1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात मोहोळला स्थानिक मालदांडीतून एकेक कणीस निवडून शास्त्रज्ञांनी ती काढली. आमच्याकडे ती आजीच्या माहेरकडून आली होती. “मंग सरकारचं बी आपलं झालं की नाई?” अण्णांनी विचारलं. बाप्पा म्हणाले, “हे झालं. कारण हे पेरलं की हेच उगवतं.”

खरिपाची ज्वारी पुढे हळूहळू गेलीच. काळ्या दाण्याला भाव नाही, काढणीला मजूर नाही, आणि नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं. आता माझा भाऊ शेती करतो. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत घरच्यापुरती मालदांडी आणि हरभरा. भावाला जुन्याचा उमाळा नाही, आणि तो असावा असं मी म्हणणार नाही. त्याच्या मुलांच्या फिया सोयाबीनवर भरल्या जातात.

मध्यंतरी नांदेडकडच्या एका नातलगाकडे पिवळी अजून असल्याचं अण्णांना कळलं. त्यांनी भावाला पाठवून पसाभर बी आणवलं आणि तुरीच्या कडेला एक पट्टा पेरायला लावला. सत्तरी ओलांडलेले अण्णा काठी टेकत रोज तिथे जायचे. सगळं जसंच्या तसं झालं. दसऱ्याला निसवली, दाणे टपोरे, बुरशीचा डाग नाही. मिजमाशीही नाही, कारण आजूबाजूला तिला पोसायला दुसरी ज्वारीच नव्हती. पण तीच एकटी उभी असल्यामुळे पंचक्रोशीतली पाखरं तिच्यावर उतरली. गोफण चालवायला दिवसभर माणूस कोण बसवणार? पट्ट्यात शेवटी तांब्याभर दाणे उरले.

भाऊ म्हणाला, “अण्णा, आता बस. पन्नास घरांनी पेरली तरच हिचं काही निघंल. पन्नास घरं कोण पेरतंय?”

त्याचं बरोबर होतं. अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, तुरीच्या बियात ज्वारीचे मूठभर दाणे मिसळतात ना, पाखरं बसावीत आणि त्यांनी शेंगा पोखरणाऱ्या अळ्या वेचाव्यात म्हणून? तशी मिसळ असं कृषी सहायकानेच भावाला सांगितलं होतं, आणि भाऊ दुकानातली कुठलीही ज्वारी मिसळायचा.

“मंग हीच मिसळ,” अण्णा म्हणाले. “पाखरं येऊ दे. तुझं काम होईल.”

“आन बी?”

“बियापुरत्या कणसांना कापडाच्या पिशव्या बांधायच्या. फुलोरा संपला, दाणा धरला की बांधायच्या, आधी नाई. आधी बांधल्या तर कणसाला एकमेकांचा पराग लागत नाई.”

भावाने विचारलं, किती कणसं? त्याच्या मनात दहा-बारा होती. अण्णांनी आजीचा आकडा सांगितला, शे-दीडशे, आणि तीही एका जागची नको. भाऊ म्हणाला, एवढ्या पिशव्या शिवणार कोण? त्यावर दोघांची अजून घासाघीस चालू आहे. मागच्या वेळी मी गावी होते तेव्हा चाळीसवर आले होते, आणि वहिनी जुनं लुगडं फाडून माप घेत होती.